‘प्लेजरिझम फक्त ७ टक्के!’ पण हा आकडा नेमकं काय सांगतो?

पीएचडीचा प्रबंध सादर करायचे दिवस आले की व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर एक स्क्रीनशॉट हमखास फिरतो. वर प्रबंधाचं नाव, खाली रंगीत पट्टी आणि मधोमध मोठ्या अक्षरात आकडा : ७ टक्के. त्याखाली अभिनंदनाची रांग लागते. पिंपळे सौदागर, रहाटणी, वाकड या पट्ट्यात हिंजवडीत किंवा चाकणला नोकरी करणारी आणि सोबत पीएचडीही करणारी माणसं आहेत. २०२२च्या यूजीसी नियमांनी अर्धवेळ पीएचडीला रीतसर वाट करून दिली आहे. नोकरी, प्रवास आणि लेखन सांभाळणाऱ्या माणसाला हा आकडा म्हणजे सुटकेचा निःश्वास वाटतो. ‘सात टक्के आले, म्हणजे त्र्याण्णव टक्के माझं स्वतःचं’, असा त्याचा सरळ अर्थ लावला जातो.

तो अर्थ चुकीचा आहे. सॉफ्टवेअरने तसा दावा केलेलाच नसतो.

आकडा येतो कुठून?

सॉफ्टवेअर प्रबंध ‘वाचत’ नाही. ते मजकुराचे काही शब्दांचे छोटे तुकडे पाडतं, प्रत्येक तुकड्याला आकड्यांची एक खूण देतं आणि ती खूण आपल्या साठ्यातल्या खुणांशी जुळते का, एवढंच बघतं. जुळलेले शब्द भागिले प्रबंधातले एकूण शब्द, हे झालं साम्याचं प्रमाण. साठ हजार शब्दांच्या प्रबंधात ४,२०० शब्द जुळले, तर ७ टक्के.

उरलेल्या ५५,८०० शब्दांबद्दल सॉफ्टवेअर फक्त एवढंच सांगू शकतं, की ‘माझ्या साठ्यात हे सापडलं नाही’. ते विद्यार्थ्याने स्वतः लिहिले असतील, किंवा सॉफ्टवेअरकडे नसलेल्या पुस्तकातून उतरवलेले असतील. अहवालात दोन्ही मजकूर सारखेच, कोरे दिसतात. घरातल्या एका कपाटात चावी सापडली नाही म्हणून ती घरातच नाही, असं कुणी म्हणत नाही. इथे मात्र नेमकं तेच म्हटलं जातं.

त्यामुळे खरा प्रश्न असा, की कपाटात आहे काय?

कुलूपबंद नियतकालिकं कोण तपासतं?

इथे सगळी सॉफ्टवेअरं एका मापाने मोजता येत नाहीत. इंटरनेटवर फुकट किंवा नाममात्र पैशांत ‘प्लेजरिझम चेक’ करून देणाऱ्या बऱ्याच साइट्स आतून सर्च इंजिनवर चालतात. तुमचं वाक्य उचलायचं, सर्च करायचं, उघड्या वेब पानांवर ते दिसतं का ते बघायचं. या पद्धतीला तेवढंच दिसतं, जेवढं वर्गणी न भरलेल्या वाचकाला दिसतं.

पिंपळे सौदागरमधल्या घरी बसून, विद्यापीठाच्या लॉगिनशिवाय, ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चा एखादा जुना लेख उघडून बघा. शीर्षक दिसेल, लेखकाचं नाव दिसेल, सुरुवातीचा सारांश दिसेल आणि मग वर्गणीची पाटी लागेल. सर्च इंजिनवर विसंबलेला तपासनीसही त्याच पाटीपाशी थांबतो. म्हणजे कुणी सारांशातली चार वाक्यं उचलली तर पकडला जाईल, पण आतली बारा पानं उचलली तर सुटेल.

मोठी, पैसे मोजून घेतलेली सॉफ्टवेअरं याहून पुढे आहेत, हे मान्य करायला हवं. आयथेंटिकेट हे त्यातलं एक. क्रॉसरेफ या प्रकाशकांच्या संस्थेने २००८ पासून एक व्यवस्था उभी केली. सहभागी प्रकाशक आपल्या लेखांचा पूर्ण मजकूर तपासणीसाठी खुला करतात. वाचकाला पैसे मोजावेच लागतात, पण सॉफ्टवेअरला आत सोडलं जातं. त्यामुळे ‘वर्गणीची नियतकालिकं तपासलीच जात नाहीत’ असं सरसकट म्हणणंही बरोबर नाही. पण या व्यवस्थेत जो प्रकाशक सामील आहे आणि ज्या लेखाचा मजकूर प्रत्यक्ष मिळाला आहे, तोच साठ्यात येतो. एखाद्या महाविद्यालयाचं छापील संशोधन नियतकालिक, परिसंवादाची स्मरणिका, विद्यापीठाने चाळीस वर्षांपूर्वी काढलेली पुस्तिका या रांगेत कुठेच नसते.

शिवाय साठा सॉफ्टवेअरगणिक बदलतो. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने सप्टेंबर २०१९ पासून ‘शोधशुद्धी’ योजनेत विद्यापीठांना असं सॉफ्टवेअर पुरवायला सुरुवात केली. आधी त्यात उर्कुंड होतं, पुढे ड्रिलबिट आलं. सॉफ्टवेअर बदललं की कपाट बदलतं आणि तोच प्रबंध, एक अक्षरही न बदलता, वेगळा आकडा घेऊन बाहेर पडू शकतो. थर्मामीटर बदलल्यावर ताप बदलत असेल, तर आकड्यासोबत थर्मामीटरचं नावही सांगायला हवं. स्क्रीनशॉटमध्ये ते सहसा कापलेलं असतं.

एक उदाहरण मांडून बघू

समजा, कुणी पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक कामगारांवर मराठीत प्रबंध लिहितं आहे. विषय छान आहे आणि साहित्यही भरपूर. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. यावर वर्तमानपत्रांत, वेबसाइटवर, सरकारी कागदपत्रांत लिहिलेलं मिळतं. पण कामगारांच्या वस्त्या, संप, पगार, गावकी यांबद्दलचं खोलातलं लेखन जुन्या मराठी पुस्तकांत आणि इंग्रजी नियतकालिकांत असतं.

प्रबंध ६०,००० शब्दांचा आहे. पहिल्या प्रकरणातले ४,२०० शब्द वेबसाइटवरून आले. हे सॉफ्टवेअरने पकडलं : ७ टक्के. दुसऱ्या प्रकरणातले ५,४०० शब्द आता छापून येत नसलेल्या एका मराठी पुस्तकातून जसेच्या तसे टाइप केले. या पुस्तकाची प्रत दोन-तीन ग्रंथालयांत आहे, इंटरनेटवर नाही. साम्य शून्य. तिसऱ्या प्रकरणातले २,४०० शब्द वर्गणीच्या एका इंग्रजी लेखाचं मराठी भाषांतर आहे, मूळ लेखकाचं नाव न घेता केलेलं. पुन्हा शून्य.

प्रत्यक्षात उचललेला मजकूर १२,००० शब्द, म्हणजे २० टक्के. अहवाल सांगतो ७.

यूजीसीच्या २०१८च्या नियमांत हा फरक कुठल्या कुठे नेतो बघा. १० टक्क्यांपर्यंतचं साम्य ‘पातळी शून्य’, कोणतीही शिक्षा नाही. १० ते ४० टक्के ही पहिली पातळी. त्यात जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या मुदतीत प्रबंध सुधारून द्यावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांना एक वर्ष सुधारित प्रबंध देण्यावर बंदी आणि ६० टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द. आपल्या उदाहरणातला विद्यार्थी पहिल्या पातळीत बसायला हवा होता. तो पेढे वाटतो आहे.

त्याच नियमांत सलग चौदा शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य धरू नये, असंही म्हटलं आहे. हेतू चांगला आहे. ‘महाराष्ट्र राज्य विद्युत वितरण कंपनी मर्यादित’ असं लिहिल्याबद्दल कुणाला चोर ठरवू नये. पण सॉफ्टवेअरमध्ये ही गाळणी लावली की दर दहा-बारा शब्दांनी एक शब्द बदलणाऱ्याचं काम सोपं होतं. ‘कामगारांनी’च्या जागी ‘श्रमिकांनी’, ‘सुरुवात’च्या जागी ‘प्रारंभ’. वाक्य तेच, मुद्दा तोच, क्रम तोच. अहवाल स्वच्छ.

मराठी प्रबंधांचं कपाट जास्तच रिकामं का?

एक कारण उघड आहे : मराठी पुस्तकांचा फार थोडा भाग शोधता येईल अशा मजकुराच्या रूपात उपलब्ध आहे. बरीच जुनी पुस्तकं स्कॅन झाली आहेत, पण स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. त्यातली अक्षरं यंत्राला ओळखता आली नाहीत, तर सॉफ्टवेअरच्या लेखी ते पान म्हणजे एक चित्र.

दुसरं कारण कमी लोकांना माहीत आहे आणि ते जास्त घातक आहे. युनिकोड रुळण्याआधी, आणि कित्येक डीटीपी केंद्रांत त्यानंतरही, मराठी मजकूर श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप होत आला. या फॉन्टमध्ये डोळ्याला देवनागरी दिसतं, पण फाइलच्या आत रोमन अक्षरं असतात. कृतिदेवमध्ये टाइप केलेला ‘मराठी’ हा शब्द फाइलमध्ये असा असतो :

```
ejkBh
```

असा प्रबंध पीडीएफ करून सॉफ्टवेअरला दिला, की त्याच्या हाती असल्या निरर्थक अक्षरांच्या माळा लागतात. त्या कशाशी जुळणार? तोच मजकूर एखाद्या वेबसाइटवर युनिकोडमध्ये शब्दशः असला तरी सॉफ्टवेअरच्या दृष्टीने दोन्हींत एक अक्षरही समान नाही. अशा प्रबंधाला शून्य किंवा एक टक्का मिळतो आणि तो मौलिकतेचा पुरावा म्हणून फाइलला लागतो. खरं तर तिथे तपासणी झालेलीच नसते.

हे ओळखायला तंत्रज्ञ लागत नाही. पीडीएफमधला एक मराठी परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवायचा. मराठी उमटलं तर ठीक. वरच्यासारखी अक्षरं उमटली, किंवा काहीच कॉपी झालं नाही, तर त्या प्रबंधाच्या अहवालावरचा आकडा कितीही असो, त्याला अर्थ नाही.

भाषांतराचं दुखणं तर मराठीपुरतं नाही. २०२० मध्ये डेबोरा वेबर-वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा सॉफ्टवेअरं आठ भाषांत तपासून पाहिली. जसंच्या तसं उतरवलेलं ती बऱ्यापैकी पकडत होती, पण शब्द बदलून लिहिलेल्या किंवा भाषांतर केलेल्या मजकुरापुढे ती अडखळली. त्या आठ भाषांत मराठी नव्हती.

मग चोरी पकडते कोण?

बहुतेक वेळा मूळ मजकूर वाचलेला माणूस. पुण्याशी नातं असलेलं एक गाजलेलं प्रकरण इथे आठवतं. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे माजी संचालक डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र सरकारने पेटंट कायद्यावर एक तज्ज्ञ गट नेमला होता. औषधांची पेटंटं फक्त नव्या रासायनिक घटकांपुरती मर्यादित ठेवता येतील का, हा त्याच्यापुढच्या दोन प्रश्नांपैकी एक. डिसेंबर २००६ मध्ये अहवाल आला : असं करणं आंतरराष्ट्रीय कराराशी विसंगत ठरेल. काही आठवड्यांतच या क्षेत्रातल्या अभ्यासकांच्या आणि पत्रकारांच्या लक्षात आलं, की अहवालातल्या काही ओळी कायदेतज्ज्ञ शामनाद बशीर यांच्या एका शोधनिबंधातून जवळपास तशाच आल्या आहेत. तो निबंध लंडनच्या एका संस्थेसाठी लिहिलेला होता आणि त्याला औषध कंपन्यांच्या संघटनेचा निधी होता. फेब्रुवारी २००७ मध्ये माशेलकर यांनी तांत्रिक त्रुटींचं कारण देत अहवाल मागे घेण्याची परवानगी सरकारकडे मागितली. २००९ मध्ये सुधारित अहवाल आला, निष्कर्ष मात्र तोच राहिला.

इथे मुद्दा कुलपाचा नव्हता, वजनाचा होता. संपूर्ण अहवालाच्या मानाने त्या ओळी थोड्याच होत्या. पण त्यांत अहवालाचा निष्कर्षच होता. टक्केवारी शब्द मोजते. कोणत्या शब्दांवर सगळी इमारत उभी आहे, हे तिला कळत नाही. शंभर पानांत चार ओळी म्हणजे एक टक्कासुद्धा नाही, पण त्या चार ओळी म्हणजेच निबंधाचं म्हणणं असू शकतं.

अहवाल हातात आल्यावर काय बघायचं?

आधी आकडा सोडून द्यायचा आणि मागची पानं उलटायची. कोणते स्रोत जुळले, याची यादी अहवालात असते. त्यात फक्त वेबसाइट आणि इतर विद्यार्थ्यांचे प्रबंध दिसत असतील आणि एकही पुस्तक किंवा नियतकालिक नसेल, तर प्रबंधाच्या संदर्भसूचीशी ती यादी ताडून बघावी. संदर्भसूचीत चाळीस पुस्तकं आहेत आणि अहवालात त्यांतलं एकही नाही, याचा अर्थ विद्यार्थ्याने काहीच उतरवलं नाही असाही होऊ शकतो. पण ती पुस्तकं साठ्यातच नव्हती, ही शक्यता जास्त. कोणते स्रोत आणि किती शब्दांपर्यंतची साम्यं तपासणीतून वगळली, हेही तिथेच नोंदलेलं असतं. तपासलेल्या शब्दांची संख्या प्रबंधाच्या शब्दसंख्येशी जुळते का, हेही बघावं. एखादं प्रकरण चित्ररूपात घातलेलं असेल तर इथे फट दिसते.

मग प्रबंधच वाचायचा, आणि मराठी वाचणाऱ्याला इथे एक फायदा आहे. जुनं पुस्तक आपली खूण सोडून जातं. १९६२ मध्ये मराठीचे शुद्धलेखनाचे नियम बदलले आणि बरेच अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकात ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘झालें’ असं छापलेलं असे. उतरवणारा ते बदलतो, पण दहात एखादं सुटतंच. २०२० नंतरच्या प्रबंधात मधेच अंतरं मैलांत यायला लागली, मजुरी आण्यांत, ‘गेल्या साली’ म्हणून एखाद्या जुन्या संपाचा उल्लेख आला, किंवा आकडेवारी दाट आहे आणि तळटीप एकही नाही, तर तिथे थांबावं. भाषांतराची खूण वेगळी असते : वाक्य मराठी शब्दांचं, पण चाल इंग्रजीची, आणि आधीच्या-नंतरच्या परिच्छेदांपेक्षा अचानक सफाईदार युक्तिवाद.

अशा दोन-तीन जागा सापडल्या, की संदर्भसूचीतलं संबंधित पुस्तक मागवायचं. पिंपळे सौदागरहून औंध ओलांडलं की विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय आहे, डेक्कनला गोखले संस्थेचं ग्रंथालय आहे. प्रबंधाचं पान आणि पुस्तकाचं पान शेजारी ठेवून वाचायला एक दुपार लागते. मार्गदर्शकाने ही दुपार द्यायला हवी. प्रबंधासोबत मौलिकतेचं प्रमाणपत्र त्यालाच द्यावं लागतं, आणि त्यावर सही सॉफ्टवेअरची नसते.

उलट बाजूनेही हे लागू आहे. कायद्याची कलमं, अवतरणचिन्हांत नाव देऊन घेतलेले उतारे, स्वतःची आधीची कबूल केलेली मांडणी यांमुळे आकडा वीसवर जाऊ शकतो आणि त्यात चोरी काहीच नसते. त्या आकड्याच्या भीतीने विद्यार्थी नीट दिलेलं अवतरण काढून त्याचे शब्द फिरवून टाकतात आणि नाव गाळतात. टक्के उतरतात, चोरी त्या क्षणी सुरू होते.

कमी आकडा आला की विषय संपतो का?

नियमांनुसार नाही. पुराव्यासह संशय असेल तर शैक्षणिक वर्तुळातली कुणीही व्यक्ती विभागाच्या समितीकडे तक्रार करू शकते. ही समिती ४५ दिवसांत आपला अहवाल संस्थेच्या समितीकडे देते. पुरावा म्हणजे सॉफ्टवेअरचाच अहवाल असला पाहिजे, अशी अट नाही. मूळ पुस्तकाचं पान आणि प्रबंधाचं पान शेजारी ठेवलेलं चालतं. पदवी मिळून गेल्यावर वाङ्मयचौर्य सिद्ध झालं, तर समिती ठरवेल तितक्या काळासाठी ती पदवी स्थगित ठेवण्याची तरतूदही याच नियमांत आहे. सबमिशनच्या दिवशी साठ्यात नसलेलं पुस्तक पाच वर्षांनी कुणी स्कॅन करून, अक्षरं ओळखता येतील अशा रूपात चढवलं, तर तोच प्रबंध त्या दिवशी वेगळा आकडा दाखवेल. आणि तो प्रबंध तोवर ‘शोधगंगा’वर सगळ्यांना वाचायला खुला असेल.